सहा काळे चमचे

गोजरबाईला जिन्यातच वास लागला. दुसऱ्या मजल्यावर जमीलाभाभींचं दार अजून बंद होतं, पण तिचं नाक दार उघडायची वाट बघत नसे. भांडं बघायच्या आधी त्यात काय शिजलं होतं हे ती सांगायची, आणि एकोणीस वर्षं या घरची भांडी घासताना तिचं सांगणं चुकलं नव्हतं. आजचा वास अंड्याचा होता. साधा नव्हे, भिजून शिळा झालेला, हिवस. तो नाकात शिरला आणि तो आपणच मागं ठेवून गेलो आहोत हे तिला कळलं.

आदल्या संध्याकाळी भाभींच्या माहेरची माणसं आली होती. अंड्याचा खागिना, म्हणजे मसालेदार भुर्जी, झाला, वर अंड्याचा हलवा झाला. दुसऱ्या दिवशी भाभींच्या लेकीला, इफ्राला, बघायला होटगीहून पाहुणे यायचे होते, म्हणून भाभींनी चांदीचे सहा चमचे कपाटातून काढून ठेवलेलेच होते. माहेरची माणसं आग्रह करू लागली आणि हलवा त्याच चमच्यांनी खाल्ला गेला. गोजरबाई तेव्हा घाईत होती. मंगळवेढ्याची शेवटची सोयीची एसटी तिच्या बहिणीला गाठायची होती आणि बहिणीला स्टँडवर सोडायला तिला जायचं होतं. तिनं कढई, तवा, पेले, चमचे, सगळं एका मोठ्या टबात टाकलं, वरून उकळतं पाणी ओतलं आणि म्हणाली, "सकाळी घासते."

उकळतं पाणी हा तिचा हुकमी एक्का होता. मटणाची चरबी असो की सालनाची तर्री, उकळत्या पाण्यापुढं काही टिकत नसे. चार घरच्या बायकांना ती हेच शिकवायची.

शाकीरनं, भाभींच्या मोठ्या मुलानं, दार उघडलं. तो अंघोळ करून तयार होता. आत भाभी टबापाशी उभ्या होत्या आणि हातात एक चमचा धरून खिडकीच्या उजेडात फिरवत होत्या. चमच्याच्या वाटीत पिवळट, तपकिरी आणि मधोमध निळसर काळा डाग पसरला होता. जणू कुणी काजळ पुसलंय.

"सहाच्या सहा," भाभी म्हणाल्या. "बघ शाकीर. माझ्या अम्माचे चमचे. चांदी कधी अशी होती का रे? एका रात्रीत?"

"काळी पडतीच की चांदी, अम्मी."

"वर्षात पडती. रात्रीत न्हाय. मागच्याच महिन्यात धुळाप्पाकडं पॉलिशला दिले होते. त्यानं बदलले. आपले ठेवून घेतले आणि हे पाणी चढवलेले दिले."

धुळाप्पा सराफ बाजारातला चांदीचा कारागीर. लहान दुकान, जाड चष्मा, आणि भाभींच्या सासूच्या काळापासून या घराचं काम करणारा. शाकीरला रागवायला तेवढं पुरलं. त्यानं गाडीची चावी उचलली.

"पाहुणे एकला येतील," इफ्रा आतून म्हणाली. "आता भांडायला नको जाऊ, भाई."

"एकच्या आत येतो. त्याच्या दुकानासमोर चार माणसं उभी करतो, मग बघू बोलतो का न्हाय."

गोजरबाई टबापाशी खाली बसली. पाणी गढूळ होतं. तिनं बोट कढईच्या तळावरून फिरवलं. बोट घसरलं नाही, अडखळलं. अंड्याचा पातळ पापुद्रा स्टीलला असा चिकटला होता, जणू कुणी खळ लावून वाळवलीय. पेल्यांवर धुरकट थर आला होता. पेला नाकाशी नेला तर तोच वास. रात्रभर सगळं एकाच पाण्यात बसलं होतं आणि ज्याला अंडं लागलंच नव्हतं त्यालाही ते लागलं होतं.

तिला आठवलं, लहानपणी फुटलेलं अंडं पोत्यावरून पुसताना आई म्हणायची, गार पाणी घे. ती ऐकायची नाही. आता एकदम कळलं. अंडं गरम पाण्यात घट्ट होतं, हे तर तीच रोज उकडून बघते. काल तिनं भांडी भिजवली नव्हती. भांड्यांवरचं अंडं शिजवून ठेवलं होतं.

आणि चमचे त्याच पाण्यात होते.

जिन्यात शाकीरच्या चपला वाजल्या. गोजरबाईच्या मनात दोन गोष्टी एकदम आल्या. बोललं तर एकोणीस वर्षांचं घर जातं. या घरात कपाटाची चावी टेबलावर असायची आणि गोजरबाई आली म्हणून कुणी कधी ती उचलून ठेवली नव्हती. न बोललं तर तो म्हातारा चार माणसांपुढं चोर ठरतो. तिनं हात पदराला पुसले की नाही कुणास ठाऊक, पण ती उठली आणि जिना उतरू लागली. गुडघे दुखतात हे ती त्या वेळी विसरली.

शाकीरनं गाडीला किक मारली होती. तिनं हँडल धरलं.

"बंद कर ती."

"मावशी, उशीर होतोय."

"बंद कर म्हन्ते. धुळाप्पानं काय केलं न्हाय. मी केलंय."

वर आल्यावर तिनं भाभींसमोर उभं राहून सगळं सांगितलं. एसटीची घाई, एकच टब, उकळतं पाणी. अंड्यानं चांदी काळी पडत असणार, असं वाटतंय, पण खात्री न्हाय, हेही सांगितलं. भाभी ऐकत राहिल्या. नंतर त्यांनी चमचा टबाच्या कडेवर ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "माझ्या अम्माचे चमचे होते, गोजर."

त्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

इफ्रा फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती. ती मध्ये पडली. "अम्मी, अंड्यात गंधक असतंय. ते चांदीला लागलं की काळं पडतंय, आम्हाला शिकवलंय. पण काढायचं कसं ते आठवेना. धुळाप्पाकाकांनाच विचार की."

"त्याला? आत्ता?"

"आत्ताच. साडेदहा वाजलेत."

भाभींनी फोन लावला. धुळाप्पा सावकाश माणूस. आधी तब्येत विचारली, मग घरची माणसं विचारली. भाभींनी गोष्ट सांगितली तेव्हा तो हसला.

"भाभी, घासू नका हं. राखेनं न्हाय, पावडरीनं न्हाय. घासलं की चांदीच निघून जाती. तुमच्याकडं जर्मनचं पातेलं हाय का, जुनं?"

"हाय."

"त्यात उकळतं पाणी, दोन मोठे चमचे खायचा सोडा, चमचाभर मीठ. चमचे तळाला टेकले पायजेत, जर्मनला लागले पायजेत, त्याबिगर काम होत न्हाय. पाच-दहा मिनिटं. मग धुवून लगेच पुसा." मग त्यानं विचारलं, "माझ्या पॉलिशला कुणी नावं तर ठेवली न्हाईत ना?"

"कोण ठेवतंय," भाभी म्हणाल्या आणि शाकीरकडं बघायचं टाळलं. शाकीर चावी खिशात घालत होता.

मग त्या घरात जी धावपळ झाली तशी ईदलाही होत नाही. गोजरबाईनं अॅल्युमिनियमचं, म्हणजे जर्मनचं, डाळ शिजवायचं पातेलं ओढून काढलं आणि आतून लख्ख घासलं. इफ्रानं सोड्याचं पाकीट फोडलं. शाकीरला लिंबं आणायला पाठवलं, तो जाताना म्हणाला, "भांडायला निघालो होतो, लिंबं आणायला लावली." पाणी उकळलं. गोजरबाईनं एकेक चमचा असा सोडला की तळाला टेकावा, एकावर एक पडू नये.

सोड्याचे बुडबुडे उठले. वाफ तिच्या तोंडावर आली आणि तिनं डोळे मिटून श्वास घेतला.

"भाभी," ती म्हणाली. "इकडं या. वास घ्या."

"काय झालं?"

"घ्या तर."

भाभी वाकल्या आणि झटकन मागं सरकल्या. पातेल्यातून कुजक्या अंड्याचा वास येत होता. बारीक, पण नक्की. ना पातेल्यात अंडं होतं, ना सोड्यात.

"चमच्यावरचंच सुटतंय," इफ्रा हसत सुटली. "मावशी, प्रयोगशाळेत लागतंय ते सगळं तुमच्या नाकातच हाय."

आणि डोळ्यांदेखत काळिमा विरायला लागला. आधी कडेनं, मग वाटीतून. जिथं चमचा पातेल्याला टेकला होता त्या बाजूनं उजेड पसरत गेला. उलट पातेल्याचा तळ मात्र काळपट झाला. दोन चमचे हट्टी निघाले, त्यांना पुन्हा ताजं पाणी आणि सोडा द्यावा लागला. पावणेबाराला सहाही चमचे मऊ फडक्यावर पडले होते, पांढरेशुभ्र. भाभींनी एकावर अम्माच्या नावाचं कोरलेलं, डागाखाली बुजलेलं अक्षर शोधलं. होतं तिथंच होतं.

पण अजून कढई, तवा आणि बारा पेले होते. होटगीच्या बाईंची, मुलाच्या आईची, ख्याती आधीच कानावर आली होती: पाणी प्यायच्या आधी पेल्याचा वास घेतात.

गोजरबाईनं गार पाण्याचा नळ सोडला. हात सवयीनं गॅसवरच्या गरम पाण्याकडं जात होता, दोनदा तिनं तो मागं घेतला. गार पाणी आणि सोड्याचा लगदा कढईला फासून थोडा वेळ ठेवला, लाकडी उलथन्यानं पापुद्रा सोडवला, तो चिंध्यांसारखा निघाला. मग बेसन कोरडंच चोळलं, वर लिंबाची साल. पेलेही तसेच, बेसन, लिंबू, गार पाण्याचे दोन हात, आणि सगळ्यात शेवटी गरम पाणी. गॅलरीच्या उन्हात उपडे ठेवले. सोलापूरचं ऊन. दहा मिनिटांत पेले कोरडे झाले. तिनं बाराही नाकाशी लावले. सातवा बाजूला काढला. "ह्याला परत," ती म्हणाली, आणि परत घासला.

पाहुणे एकला पाच कमी असताना आले. होटगीच्या बाई ठेंगण्या, गंभीर. त्यांचे यजमान रेल्वेत, आणि सोबत लग्नाचा मुलगा. इफ्रानं पाणी पुढं केलं. गोजरबाई स्वयंपाकघराच्या पडद्याआड उभी होती आणि भाभी सोफ्यावर, पण दोघींची नजर एकाच पेल्यावर. बाईंनी पेला उचलला. ओठांशी नेता नेता थबकल्या, नाकपुड्या जरा हलल्या. मग सगळं पाणी एका दमात प्यायल्या आणि म्हणाल्या, "आणखी द्या, लई ऊन हाय."

भाभींनी श्वास सोडला तो पडद्याआड ऐकू आला.

जेवण झालं. अंड्याचा हलवा आला, आणि माहेरकडून आलेल्या रीतीप्रमाणं चांदीचे चमचे त्याच्यासोबत आले. भाभींना ती मोडवत नव्हती. पाहुण्यांनी हलवा चवीनं खाल्ला. शेवटचा घास बाईंच्या तोंडात गेला न गेला तोच गोजरबाई पडद्यातून बाहेर आली, गार पाण्याचं भांडं हातात धरून, आणि त्यांच्या बोटांमधून चमचा हळूच काढून घेतला. मग यजमानांचा. मग पोराचा. मग घरच्यांचे तिन्ही. सहाही पाण्यात.

होटगीच्या बाई आपल्या रिकाम्या हाताकडं बघत राहिल्या.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

जमीलाभाभींनी टेबलावरची कपाटाची चावी उचलली आणि आत निघालेल्या गोजरबाईच्या हातात दिली. "पुसून आत ठेव," त्या तिला म्हणाल्या, आणि मग पाहुण्यांकडं वळल्या. "ही गोजर. चांदीच्या बाबतीत या घरात तिचं चालतं. आमचंसुद्धा न्हाय."