वास आला, तेवढंच लिही

भेटायची वेळ संपली म्हणून वॉर्डातल्या नर्सताईंनी पेशंटच्या मुलाला दारात अडवलं, तर त्याने त्यांना ढकलूनच दिलं. त्या लगेच अहवाल लिहायला बसल्या. आज सोडला तर उद्या हा दुसऱ्या पोरीवर हात उचलणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पहिलं वाक्य झोकात उतरलं: ‘दारू प्यायलेल्या राक्षसाने मला मारायचा प्रयत्न केला.’

मोठ्या सिस्टरांनी वाचलं. “पिताना पाहिलंस?”

“तोंडाला वास येत होता की.”

“मग वास लिही. राक्षस लिहिलंस, तर चौकशीवाले त्याला सोडून तुझाच राग मोजत बसतील.”

“मग राग ठेवू कुठे?”

“माझ्याजवळ ठेव. चहा पिताना दोघी मिळून शिव्या घालू.”

ताईंना रडता रडता हसू फुटलं. पहिल्या वाक्यावर एकच रेघ मारून त्यांनी बाजूला सही केली आणि पुढे लिहिलं: ‘त्याने दोन्ही हातांनी मला ढकललं. माझा डावा खांदा औषधांच्या ट्रॉलीवर आपटला. त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता. “परत अडवलंस तर बघून घेईन,” असं तो म्हणाला.’

कागद त्यांनी सिस्टरांपुढे सरकवला. “हा पाठवा वर. आणि चहा सांगा, शिव्या तयार आहेत.”