मामांचा मूकपट

रहिमतपुरात माझ्या मामांइतका बोलका माणूस झाला नाही, आणि मूकपट काढायचं खूळ नेमकं त्यांच्याच डोक्यात शिरलं. मामा बैलांशी बोलत, मोटेशी बोलत. एकदा तर शेतातल्या बुजगावण्याला लढाईची हकिकत सांगताना मी त्यांना पाहिलं आहे. स्टेशनात गाडी थांबली की खिडकीतल्या अनोळखी माणसाची विचारपूस सुरू होई, आणि गाडी सुटली तरी मामा बाजूनं चालत बोलणं पुरं करत. हे बोलणं एकाच माणसापर्यंत पोचत नसे, ते म्हणजे मामी. त्यांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ओठांवरून थोडं कळे, बाकीचं खुणांवर चाले. लढाईच्या दिवसांत मामा एका सकाळी साताऱ्याला जाऊन फौजेत भरती झाले, ते मामींना न सांगताच. ‘जातो, पण परत येईन’ याची खूण म्हणे मामांना सापडली नाही. दोन वर्षांनी मामा परतल्यावर मामी त्यांना वेळच्या वेळी वाढत, पण त्यांच्या तोंडाकडे बघत नसत. त्यांनी मान फिरवली की मामांचं सगळं बोलणं वाया.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सांगलीला खोली घेऊन राहत होतो. तिथं एके दिवशी मामा चावीवर चालणारा सिनेमाचा छोटा कॅमेरा घेऊन आले. फौजेतल्या कुणा साहेबानं विलायतेला जाताना दिलेला. बोलपट आल्यापासून मामींनी सिनेमाच्या तंबूत पाऊल टाकलं नव्हतं. त्याआधीचे मूकपट मात्र त्यांना फार आवडत, कारण पडद्यावर सगळेच त्यांच्यासारखे. “तिला पडद्यावरच सांगतो,” मामा म्हणाले. “तिकडं तरी बघंल.”

माझ्या ओळखीच्या फोटोग्राफरनं मुंबईहून एक रीळ मिळवलं. रीळ जेमतेम चार मिनिटांचं, त्यामुळे चुकलेलं कापून जोडायची चैन नव्हती. गोष्ट ज्या क्रमानं दाखवायची त्याच क्रमानं टिपायची. सुट्टीत मी रहिमतपूरला आलो, आणि मधल्या अक्षरांच्या पाट्या माझ्याकडे आल्या. काळ्या फळीवर पांढऱ्या रंगानं ठळक लिहायचं, आणि सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ कॅमेरा तिच्यावर रोखायचा. मामांनी सांगितलेली पहिलीच पाटी म्हणजे अख्खं भाषण. एवढं वाचून होईतो रीळ संपेल, असं मी भीत भीत म्हणालो. “मग वाचणाऱ्यानं बिगीबिगी वाचावं की रं.” तेव्हा माझी आई, मामांची थोरली बहीण, भाकरी थापता थापता म्हणाली, “आरं, पर तिला वाचाय कुठं येतंय?”

मामांनी ते भाषण सोडून दिलं. मग एकेक पाटी गेली आणि तिच्या जागी वस्तू आली. ‘दोन वर्षांनंतर’ ही पाटी गेली: खुंट्याला आधी तांबडं वासरू बांधायचं, मग लगेच त्याच खुंट्याला तांबडा बैल. ‘मी परत येईन’ या पाटीवर मात्र मामा दोन दिवस अडले. शेवटी जेवताना त्यांनी भाकरी मोडली, हातातल्या अर्ध्या भाकरीकडे बघत राहिले, आणि ताटावरून तसेच उठले.

आठवड्याभरानं मामी माहेरी गेल्या तेव्हा चित्रण झालं. घरात उजेड पुरेना म्हणून चूल अंगणात मांडली आणि समोर पांढरं धोतर धरून ऊन तिच्यावर पाडलं. शिपाई मामा, आणि लुगडं नेसून त्यांची बायको मी. प्रत्येक हावभाव कॅमेऱ्याची चावी उतरायच्या आत संपवायचा होता. पण मामा प्रत्येक खुणेबरोबर बोलत. सांगलीहून आलेला फोटोग्राफर म्हणाला, पडद्यावर नुसतं तोंड हलताना दिसेल. अखेर मामांनी तोंडात पाण्याची गुळणी धरली आणि गाल फुगवून निरोप घेतला. भाकरीच्या वेळी गुळणीची गरज पडली नाही. त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली, उरलेली अर्धी मला दाखवून शिंक्यात ठेवली, आपल्या छातीवर हात ठेवला, मग रस्त्याकडे बोट केलं आणि तेच बोट वळवून पुन्हा शिंक्याकडे आणलं. कॅमेरा शिंक्याच्या अगदी जवळ नेऊन ती अर्धी भाकरी पडदाभर घेतली.

एकच पाटी राहिली, सुरुवातीची: ‘सांगायचं राहिलं ते’. ती काढायला मामा तयार होईनात.

मुंबईहून रीळ धुऊन आल्यावर सांगलीत फोटोग्राफरच्या खोलीत खिडक्या लावून आम्ही मामींना बसवलं. पाटी दिसताच त्यांनी हात उलटा करून ‘काय?’ म्हणून विचारलं. मामांनी फक्त पडद्याकडे बोट केलं. माझं लुगडं पाहून मामी पोट धरून हसल्या. शिंक्यातली भाकरी पडदाभर आली आणि त्या हसायच्या थांबल्या. पुढं बैल आला, शिपाई परतला, त्यानं शिंक्यात हात घातला. रीळ संपलं.

खिडक्या उघडल्या.  मामींनी प्रवासासाठी आणलेली शिदोरी सोडली, एक भाकरी मोडली, अर्धी मामांच्या हातावर ठेवली, आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसून राहिल्या. आता मामांनी खुशाल बोलावं, असं मला वाटलं. मामांनी आधी ती अर्धी भाकरी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. 

तो कॅमेरा पुन्हा चालला नाही. दुसरं रीळही मिळालं नाही. मामा आजही स्टेशनात गाडीच्या बाजूनं चालत बोलतात. पण घरी जेवायला बसले की भाकरी मोडतात, अर्धी मामींना दाखवून बाजूला ठेवतात, आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय बोलायला सुरुवात करत नाहीत.