त्रिकोणमितीचा नकाशा आणि रिकामे चौकोन

बारावीच्या सराव परीक्षेचा गणिताचा पेपर मुलीनं फोटो काढून पाठवला तेव्हा मी नांदेडच्या आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये दुसऱ्याच मुलांचे पेपर तपासत होते. आईनं गणित शिकवायचं नांदेडला आणि मुलीनं ते शिकायचं लातूरला, एका खोलीत राहून, नावाजलेल्या क्लासला जाऊन. आमच्याकडे ही पद्धतच आहे. कुणाला त्यात विनोद दिसत नाही, मलाही दिसत नव्हता.

बाकी पेपर ठीक होता. त्रिकोणमितीचं सूत्र जिथे जिथे लागलं तिथे मात्र फुलीवर फुली. तीही गंमतशीर चुकीची. दोन कॉसची वजाबाकी गुणाकारात बदलायचं सूत्र पुस्तकात एका तऱ्हेनं दिलंय: C आणि D ह्या दोन्ही कोनांची अर्धी बेरीज, मग D वजा C चा अर्धा, आणि बाहेर नुसता दोन. क्लासच्या कागदावर तेच दुसऱ्या तऱ्हेनं: C वजा D चा अर्धा आणि बाहेर उणे दोन. दोन्ही बरोबर. माझ्या मुलीनं पुस्तकातला D वजा C घेतला आणि क्लासचा उणेही घेतला. दोन बरोबर गोष्टी मिळून एक चूक.

फोनवर विचारलं तर म्हणाली, "आई, मला येतं गं सगळं. पेपरात मधलं आठवत नाही."

"मधलं म्हणजे?"

"पहिल्यापासून म्हणत यावं लागतं."

तेव्हा मला त्यांच्या फॉर्म्युला टेस्टबद्दल कळलं. रोज सकाळी वर्ग सुरू व्हायच्या आधी क्लासच्या कागदावरची सगळी सूत्रं त्याच क्रमानं लिहून द्यायची. चुकलं की तेवढं पुन्हा पुन्हा लिहून आणायचं. मुली रात्री तालावर म्हणतात, पाढ्यांसारखी. बारा सत्ते सांगताना बारा एके बारापासून सुरुवात करणारी मुलं असतात ना, तसं. बोर्डाच्या पेपरात हिला बेरजेचं सूत्र लागलं की ही मनात पहिल्या ओळीपासून निघणार, आणि वाटेत एक ओळ निसटली की पुढची सगळी गाडी घसरणार. बोर्ड तोंडावर आलं होतं.

मी कामं लिहून काढणारी बाई आहे. त्या दिवशीच्या कागदावर "गॅस नंबर", "पीएफचा फॉर्म" ह्यांच्या खाली लिहिलं, "नकाशा". रविवारी पांढरा कार्डशीट आणला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला.

सगळ्यात खाली एक वर्तुळ काढलं, त्रिज्या एक. त्याच्यावरचा बिंदू म्हणजे cos θ आणि sin θ. त्यातून cos²θ + sin²θ = 1. ह्याला cos²θ नं भागा, टॅन आणि सेकंटचं सूत्र मिळतं. sin²θ नं भागा, कॉट आणि कोसेकंटचं. हे दहावीचंच. मग त्याच वर्तुळावर दोन बिंदू घेऊन त्यांच्यातलं अंतर दोन तऱ्हांनी मांडलं की निघतं cos(A − B) = cos A cos B + sin A sin B. हे माझ्या नकाशाचं खोड. B च्या जागी −B टाका, cos(A + B) येतो. खोडातच A च्या जागी नव्वद अंशातून A वजा करून टाका, sin(A + B) येतो, आणि त्यात पुन्हा −B टाकलं की sin(A − B). साइनला कॉसनं भागलं की टॅनचं. A आणि B सारखे केले की दुप्पट कोनाची. दुप्पट कोनात एक कोन आणखी मिळवला की तिप्पट कोनाची. sin(A + B) आणि sin(A − B) एकाखाली एक लिहून मिळवा, मधलं पद उडतं, 2 sin A cos B उरतो. आता A + B ला C म्हणा, A − B ला D म्हणा, की क्लासच्या कागदाचा अख्खा शेवटचा स्तंभ हातात. प्रत्येक सूत्राला रंगीत चौकोन, प्रत्येक चौकोनाकडे बाण, आणि बाणावर लाल पेनानं काय करायचं ते. साठ ओळींचा तो कागद एका वर्तुळातून आणि एका खोडातून उभा राहिला. मला बरं वाटलं. खरं तर लई बरं वाटलं.

पुढच्या रविवारी कार्डशीटची गुंडाळी करून एसटीनं लोहा, अहमदपूर करत लातूरला गेले. शेजारची बाई गुंडाळीकडे बघत अहमदपूरपर्यंत विचारत होती, पत्रिका आहे का, लग्न कुणाचं.

खोलीत मुलगी आणि तिची पार्टनर, हदगावकडची, बोलायला मोकळी. मी भिंतीवर नकाशा चिकटवला आणि बाण बाण करत समजावून सांगितला. मुलगी घड्याळाकडे पाहत होती. पार्टनर मात्र कौतुकानं म्हणाली, "काकू, लई भारी झालं. आमी तर नुसतं पाठ करून राहिलो होतो."

मी खुशीत परतले. तीन आठवड्यांनी पुन्हा गेले, कारण फोनवर "येतंय, येतंय" एवढंच ऐकू येत होतं. मुलीला भिंतीकडे पाठ करून बसवलं.

"साइन सी अधिक साइन डी कुठून येतं?"

"उजवीकडे, वरून तिसरा चौकोन. हिरवा."

"कुठे आहे नाही विचारलं. येतं कसं?"

"बाण आहे ना त्याला."

"बाणावर काय लिहिलंय?"

ती पार्टनरकडे पाहायला लागली. पार्टनर म्हणाली, "काकू, बाण न्हाई आमी पाठ केले. चौकोनच केले. वरून खाली, मग डावीकडून."

दोघींनी माझा नकाशाही तालावर बसवला होता. रोज सकाळच्या टेस्टच्या क्रमाशी जमावा म्हणून चौकोनांना नंबरही टाकले होते, पेन्सिलीनं, नीट गोल करून. माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतका वेळ, ते पेन, ती गुंडाळी सांभाळत केलेला प्रवास, आणि क्लासच्या कागदाला मी फक्त आणखी एक कागद जोडला होता.

"अगं, पाठ करायला लागू नये म्हणून तर काढला हा."

"मग तू भिंतीवर सूत्रं लिहून का ठेवलीस?" मुलगी तडकली. "समोर लिहिलेलं दिसतं तर कोण काढत बसणार? आणि सकाळी टेस्टला सर काढून दाखवायला वेळ देतात का? तुला वाटतं मी आळशी आहे."

मी तिच्या क्लासच्या सरांना भेटले, नकाशाचं सगळं सांगितलं. सभ्य माणूस, खडूनं पांढरी झालेली बाही. शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमचं बरोबर हाय. पण पोरं काढत बसली तर पेपर कोण सोडवणार? एवढी बॅच. एकेकाला कुठं कळलं न्हाई ते बघत बसलो तर पोर्शन जूनमध्ये संपंल." त्यांच्यावर चिडता येईना, कारण ते खोटं बोलत नव्हते. मीही माझ्या वर्गात फेब्रुवारीत हेच करते.

खोलीवर परतले. नकाशा काढून घेतला, मुली बघत राहिल्या. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीतून दुसरा कार्डशीट आणला. तेच वर्तुळ, तेच खोड, तेच बाण, बाणांवरची लाल अक्षरं तशीच. पण वर्तुळ सोडून सगळे चौकोन रिकामे ठेवले. पहिला नकाशा घडी करून पिशवीत टाकला.

"भरा."

"आई, उद्या टेस्ट आहे."

"भर म्हटलं ना."

ती रागात भरायला लागली. खोडापर्यंतच तास गेला. माझीही चिडचिड होत होती, कारण मला प्रत्येक पायरी दिसत होती आणि तोंड बंद ठेवायचं होतं. मग ती दोन कॉसच्या वजाबाकीपाशी आली. cos(A + B) मधून cos(A − B) वजा केला, −2 sin A sin B उरलं. C आणि D टाकले. अर्धी बेरीज, C वजा D चा अर्धा, बाहेर उणे. तिथे थांबली.

"पुस्तकात उणे नाहीये."

तिनं ओळीवर पुन्हा बोट फिरवलं.

"पुस्तकात डी आधी आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "उणे आत गेलं. म्हणजे दोन्ही नाही घ्यायचे."

पार्टनर म्हणाली, "पण पेपरात चुकलं तर कळंल कसं?"

"सी शून्य घे, डी नव्वद," मी म्हटलं, कारण आता गप्प बसवेना. "कॉस शून्य एक, कॉस नव्वद शून्य. वजाबाकी एक. उत्तर उणे एक आलं तर चिन्ह चुकलंय."

तेवढं करून शेवटच्या एसटीनं परतले. पुढे दोघी तो नकाशा रोज भरत होत्या की नाही, मला खात्री नव्हती. विचारलं की "हो गं" यायचं. ह्या "हो गं" वर कुठल्याही आईनं विश्वास ठेवू नये.

गणिताच्या पेपराला गणिताच्या शिक्षकांना पर्यवेक्षण देत नाहीत, म्हणून त्या दिवशी मी मोकळी होते. लातूरला केंद्राबाहेर लिंबाखाली इतर पालकांत उभी राहिले. घंटा झाली. मुलगी बाहेर आली, चेहरा आंबट.

"शेवटचा प्रश्न अर्धा राहिला."

"का?"

"इंटिग्रेशनमध्ये साइनला साइननं गुणायचं आलं. सूत्र आठवेना. पहिल्यापासून म्हणायला लागले, मध्येच थांबलं. मग कच्च्या कामाला उजव्या पानावर कॉस ए अधिक बी, कॉस ए वजा बी दोन्ही लिहिले, वजा केले. निघालं. पण वेळ गेला ना."

"बरोबर निघालं?"

"हो, ते बरोबर आहे." ती वैतागून म्हणाली. "पण पाठ असतं तर शेवटचाही झाला असता."

तिचं खरं होतं आणि माझंही खरं होतं, आणि गुण मात्र एकाच पेपरचे मिळणार होते. पार्टनर मागून आली. तिनं सगळं पाठच लिहिलं होतं, पण एका ठिकाणी शून्य आणि नव्वद टाकून पाहिलं, चिन्ह उलटं निघालं, खोडून दुरुस्त केलं. "काकू, दोन मार्क तुमचे," म्हणाली.

क्लासचे सर गेटवर मुलांकडून पेपर कसा गेला ते विचारत होते. माझ्या मुलीचं ऐकून मला म्हणाले, "मॅडम, तो नकाशा द्या की. नव्या बॅचला झेरॉक्स वाटतो."

मुलीनं सॅकमधून गुंडाळी काढली. मागच्या आठवड्यात तिनं स्वतः काढलेला कोरा नकाशा होता. खालचं वर्तुळ, खोड, बाण, लाल अक्षरं. सरांनी उलगडला, उन्हाकडे धरला, मागची बाजू पाहिली.

"भरलेला न्हाई का?"

"नाही सर," मुलगी म्हणाली.

"मग असं करा, भरून व्हॉट्सअॅपवर टाका. चौकोनांना नंबर टाकून."