तोफेने राखून ठेवलेल्या उड्या

धुकं इतकं दाट उतरलं होतं की लॉन्ड्रीच्या मागच्या अंगणातल्या वाळत घालायच्या दोऱ्याही दिसत नव्हत्या. चादरी आज बाहेर घालायचा प्रश्नच नव्हता. तोफ हॉस्पिटलच्या ओल्या चादरींची टोपली कमरेवर घेऊन तळघरातून वर यायला निघाली आणि तिसऱ्या पायरीवरच थांबली. डाव्या गुडघ्याच्या वाटीखाली कुणी सुई टोचावी तशी कळ आली. तिने टोपली खाली ठेवली, इकडेतिकडे पाहिलं, आणि बाकीच्या पायऱ्या लहान मुलासारखी एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढली.

इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या नवऱ्याने हे पाहिलं. त्याने इस्त्री दणकन आपटली.

तोफ हे काही तिचं खरं नाव नव्हे. बाजारपेठेतल्या बायकांच्या व्हॉलीबॉल संघात ती गेली वीसेक वर्षं शूटर होती. नेटवर उडायचं आणि आलेला चेंडू पलीकडे हाणायचा, हे शूटरचं काम. तिचा चेंडू जमिनीवर पडला की धूळ उडायची, म्हणून तोफ. आता वय चव्वेचाळीस. आवाज तेवढा तोफेचा राहिला होता, गोळे नेटमध्ये अडकायला लागले होते.

खरी चूक तिची तीच, जी चाळिशीपुढचे सगळे खेळाडू करतात. उडी कमी पडतेय म्हटल्यावर ती जास्त उड्या मारायला लागली. रविवारी सामना, सोमवारी मैदानावर एकटीच उड्या, मंगळवारी सराव. गुडघा सुरुवातीला कुरकुरायचा, पण अंग तापलं की गप्प बसायचा. तिला वाटायचं, बरा झाला. दुसऱ्या दिवशी पायरीवर तो पुन्हा बोंब मारायचा.

संघाचे सर शाळेत कवायत शिकवत. त्यांनी तिला बाजूला घेऊन जे सांगितलं, त्याचा सारांश असा की हंगामातला पुढचा सामना जिंकला तरच संघ वरच्या गटात टिकतो, आणि शूटर म्हणून ते काठीला उतरवणार आहेत. काठी म्हणजे चष्म्याच्या दुकानातली उंच, हडकुळी पोरगी. तोफेने हवं तर बाकावर बसून सगळ्यांना धीर द्यावा.

"धीर द्यायला मी काय सुईण आहे?" तोफ म्हणाली.

सर हसले, पण हटले नाहीत. बाकावर बसलेली खेळाडू पुन्हा मैदानात येत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

त्याच संध्याकाळी हॉस्पिटलची फिजिओथेरपिस्ट आपले पांढरे कोट न्यायला आली. तोफेने जणू दुसऱ्याच कुणाच्या गुडघ्याबद्दल विचारावं तसं विचारलं. डॉक्टरीणबाईंनी तिला तिथेच धुण्याच्या गाठोड्यावर बसवलं आणि वाटीखाली अंगठा दाबला. तोफेच्या तोंडून जी शिवी निघाली, ती ऐकून नवऱ्याने रेडिओ मोठा केला.

"खेळताना गुडघा खोटं बोलतो, ताई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खरं काय ते दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर सांगतो. त्याचं तेव्हा ऐकायचं."

"म्हणजे खेळ बंद?"

"बंद केलात तर आणखी कमजोर होईल. उड्या मोजक्या करा. आणि एकदा उडालात की मध्ये दोन दिवस उडी नाही. विशीत हे एका रात्रीत भरून यायचं, आता वेळ लागतो. त्या मधल्या दिवसांत पायांत ताकद भरा. वजन घेऊन, पण सावकाश."

वजनाला लॉन्ड्रीत तोटा नव्हता. तोफ साबणाच्या पावडरची गोणी छातीशी धरायची, सावकाश खाली बसायची, सावकाश उठायची. गुडघा जरा कुरकुरला तर चालेल, सकाळी जास्त दुखला तर गोणी हलकी करायची, असं ठरलं होतं. नवरा म्हणायचा, इतक्या प्रेमाने तू मला कधी कवटाळलं नाहीस. ती म्हणायची, ही गोणी घोरत नाही. झोपेचा कायदा मात्र कडक झाला. रात्रीची मालिका बंद झाली. नवऱ्याला तिचा शेवट कळलाच नाही, म्हणून तो आठवडाभर फुगून होता.

उरला प्रश्न जागेचा. उडायचं कमी, तर संघात करायचं काय? तिने सरांकडे लिफ्टरची जागा मागितली. लिफ्टर म्हणजे दुसऱ्याला हाणता यावा असा चेंडू बोटांनी वर उचलून देणारी. सगळा खेळ तिच्या हातून जातो, टाळ्या मात्र शूटरला. सरांच्या कपाळावर आठ्या. पण संघाची लिफ्टर बाळंतपणासाठी माहेरी गेलेली, आणि दुसरी कुणी नव्हती. एका सामन्यापुरतं, ते म्हणाले. जमलं नाही तर बाक.

पहिले काही दिवस हसं झालं. इतकी वर्षं चेंडूला थोबाडीत मारलेले हात, त्यांना गोंजारणं जमेना. चेंडू बोटांना दोनदा लागायचा, म्हणजे फाऊल, आणि सर शिटी फुंकायचे. मग नवरा इस्त्री उतरवून ठेवायचा आणि वाळत घातलेल्या चादरींमधून तिच्याकडे चेंडू फेकायचा. ती गुडघ्यांना न शिणवता, जागच्या जागी उभी राहून, कपाळासमोरून तो उचलायची. पुढे, आणि मग डोक्यावरून मागे. अंग थकत नव्हतं, म्हणून हे रोज करता येत होतं. सरावाला ती एकही उडी मारेना, तेव्हा सर वैतागले. तिने सांगितलं, उड्या सामन्यासाठी ठेवल्यात.

शिवाय एक गोष्ट तिच्याकडे होतीच. पलीकडची शूटर हाणायच्या आधी खांदा कुठे वळवते, हे ती इतक्या वर्षांत पाठ करून बसली होती. काठीलाही ती सांगायची, चेंडू मागू नकोस, पळत ये, तो तिथे असेल.

सामन्यात पहिले चार सेट दोन-दोन झाले. तोफेने सुरुवातीलाच नेटशी दोनदा उडी घेऊन चेंडू काठीला द्यायच्या ऐवजी स्वतःच पलीकडे हाणला होता. दोन्ही वेळा धूळ उडाली. समोरच्या बायकांना जुनी ओळख पटली. मग मात्र ती उडालीच नाही.

शेवटच्या सेटमध्ये काठी ढेपाळली. ती उडाली की तिच्यासमोर चार हातांची भिंत उभी राहायची. सलग दोन चेंडू तिच्याच अंगावर परत आले. पोरीचे डोळे भरले.

"मावशी, मला देऊ नका आता. तुम्हीच मारा."

तोफेने तिच्या पाठीत धपाटा घातला. "तू पळत ये. भिंतीचं मी बघते."

संघाला जिंकायला एकच गुण हवा होता. पलीकडची सर्व्हिस आली, मागच्यांनी चेंडू झेलून वर काढला, तो नेटजवळ तोफेकडे आला. आणि तोफ उडाली, हात मागे खेचून, पूर्वीसारखी. पलीकडच्या दोघी भिंतवाल्या तिच्यासमोर जीव खाऊन उडाल्या. हवेतच तिने हात मऊ केले आणि चेंडू डोक्यावरून मागे सोडला. काठी पळत आली होती. तिच्यासमोर नेटवर कुणीच नव्हतं. तिने जो हाणला, त्याचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला.

सगळ्यांनी काठीला उचललं. तोफ कमरेवर हात ठेवून धापा टाकत हसत होती. सर तिच्याजवळ आले आणि म्हणाले की लिफ्टर बाळंतपणाहून आली तरी दोघींची जागा होईल, आणि उद्या संध्याकाळी सराव आहे.

"उद्या मी नाही," तोफ म्हणाली. "परवा येईन, पण उडणार नाही."

सरांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोफ तळघरात उतरली. गुडघा ताठला होता, पण सुई नव्हती. ती टोपली घेऊन न थांबता वर आली. नवरा तिच्या पायांकडेच पाहत होता; त्याने कालच्या सामन्याबद्दल चौथ्यांदा सांगायला सुरुवात केली, त्यात आता धूळ आणखी उंच उडत होती. तोफेने त्याला शर्टांचा गठ्ठा दिला, स्वतः स्टुलावर बसली, आणि गिऱ्हाइकांच्या मोज्यांच्या ढिगातून जोड्या लावायला लागली.