नाश्ता नसेल तर

मला कापाकापीची हौस आहे. भाजीची नव्हे, वाक्यांची. एका दैनिकात उपसंपादक म्हणून उमेदीची वर्षं गेली, आणि लोकांच्या लांबलचक बातम्यांवर कात्री चालवायची सवय हाडात मुरली. घरचे म्हणतात, हिच्याशी बोलायचं तर मुद्द्यावर या, नाहीतर अर्धं वाक्य ही गिळून टाकेल. खोटं नाही ते. अशी बाई ‘अजून कमी करा’ म्हटल्यावर अडून बसली, हे आमच्या सिल्व्हर पार्कच्या बिल्डिंगमध्ये कोणाला खरं वाटणार नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर काकू राहतात, मूळच्या रत्नागिरीकडच्या. मुलगा-सून कामाला गेले की दिवसभर एकट्याच. त्यांचा डायबिटीस जुना, आणि संकष्टी त्याहून जुनी. चंद्र दिसेपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, हा त्यांचा बाणा. एका संकष्टीला दुपारी मी त्यांची वाटी परत द्यायला वर गेले, तर दार उघडायलाच किती वेळ. उघडलं तेव्हा ब्लाउज घामाने चिंब, हात थरथरताहेत, आणि मलाच विचारताहेत, कोण गो तू? गिळता येत होतं म्हणून साखरेचं पाणी पाजलं, रिक्षात घातलं आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण आहे, हिंदी-मराठीची खिचडी बोलतो, पण पेशंटचं ऐकून घेतो. त्याने लगेच ओळखलं. काकूंनी सकाळची गोळी रोजच्यासारखी घेतली होती आणि पोटात अन्नाचा कण नव्हता. ही गोळी साखर खाली आणते. खाल्लं नाही तर नको इतकी खाली आणते. घरी एकट्या असताना बेशुद्ध झाल्या असत्या तर, हे वाक्य त्याने पूर्ण केलं नाही. त्याने काकूंना उपवास बंद करायला सांगितलं. काकूंनी मान डोलावली. ती मान मी ओळखते. ‘तू बोल बाबा, मी करायचं तेच करणार’ असा तिचा अर्थ. मग तो म्हणाला, निदान खाणार नसाल त्या दिवशी ही गोळी घेऊ नका आणि आधी मला विचारा. हे मात्र काकूंनी कान देऊन ऐकलं. पण त्या विसरतात, हे त्यांनाही ठाऊक आहे.

असे पेशंट त्याच्याकडे बरेच. कोणी श्रावणी सोमवार करतं, कोणी रोजे ठेवतं, कोणी नुसतं कामाच्या गडबडीत न खाताच बाहेर पडतं. गोळीबरोबर द्यायला मराठीत काहीतरी लिहून हवं होतं. मी म्हटलं, द्या इकडे, ते माझंच काम.

पहिला मजकूर पानभर झाला. गोळी शरीरात काय करते, साखर का उतरते, सगळं आलं. डॉक्टर म्हणाला, “मॅडम, कोण वाचणार?” बरोबर होतं त्याचं. मी अर्धं पान केलं. त्याने अजून कमी मागितलं, मी ते पोस्टकार्डाएवढं केलं. ‘कृपया’ गेलं, ‘आपल्या आरोग्यासाठी’ गेलं, शरीराचं सगळं शास्त्र गेलं. मजकूर दर वेळी सुधारत गेला. खरं सांगायचं तर मला मजा येत होती.

डेस्कवर असताना आम्हा नवशिक्यांना एक युक्ती शिकवली होती. कापल्यावर मजकूर अशा माणसाला द्यायचा ज्याने मूळचा पाहिलेला नाही. वाचून झाला की काढून घ्यायचा आणि विचारायचं, आता तू काय करशील? उत्तर तेच आलं तर बिनधास्त काप. उत्तर बदललं तर थांब, तू चरबी सोडून मांस कापलंस. पोस्टकार्डापर्यंत मी खालच्या वॉचमनला, केमिस्टला, पोळ्या करणाऱ्या ताईला, एकेकदा विचारून पाहिलं. उत्तर बदललं नव्हतं.

मग डॉक्टरला स्टिकर सुचला. कार्ड हरवतं, पण स्टिकर थेट गोळ्यांच्या पाकिटावर बसतो. कल्पना चांगलीच होती. फक्त स्टिकर काडेपेटीएवढा. त्याने स्वतःच कात्री चालवून फोनवर पाठवलं: ‘ही गोळी रोज सकाळी नाश्त्याआधी घ्या. चुकवू नका. त्रास झाल्यास साखर खा.’

वाचलं आणि आवडलं मला. सुटसुटीत, गुळगुळीत. माझ्यासारखी बाईही भुलली. संध्याकाळी नुसतं सवयीने ते काकूंना दाखवलं, फोन मागे घेतला आणि विचारलं, संकष्टीला काय कराल?

“घेईन की. चुकवू नका असं लिवलंय ना.”

त्रास झाल्यास म्हणजे काय, हेही विचारलं. पाय दुखतात ना माझे, तो, असं त्या म्हणाल्या. म्हणजे पाय दुखले की साखर खायची, तीही डायबिटीसमध्ये. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. संकष्टी चार दिवसांवर होती.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन बसले, ‘नाश्ता करणार नसाल तर घेऊ नका’ हे परत घाला म्हणून. डॉक्टर म्हणाला की सहा शब्द वाढले तर अक्षर बारीक होईल आणि म्हाताऱ्या माणसांना दिसणार नाही. हाही मुद्दा खराच, आणि म्हणून मला जास्त राग आला. मी म्हटलं, “डॉक्टर, आतापर्यंत तुम्ही म्हणालात आणि मी कापत गेले, कारण वाचणारा तेच करत होता. आता तो उलटं करतोय. हे कमी करणं नाही, हे दुसरंच काहीतरी लिहिणं आहे.” काकूंचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं.

मग मी स्टिकरचा नमुना उचलला. वरची जवळजवळ निम्मी जागा दवाखान्याच्या बोधचिन्हाने आणि ‘तुमचा विश्वास, आमची सेवा’ने खाल्ली होती. म्हटलं, शब्द कमी करायचेत ना, मग हे कापा. ते दवाखान्याच्या मालकांना आवडतं, तो चाचरला. मी म्हटलं, मालकांना माझ्याकडे पाठवा. तो हसला, आणि स्वतःच त्यांच्याशी बोलला. शेवटी छापलं ते असं: ‘नाश्त्याच्या अगदी आधी घ्या. नाश्ता करणार नसाल तर घेऊ नका, आम्हाला फोन करा. घाम सुटला, हात थरथरले तर लगेच साखर खा.’ यातला एक शब्दही आता हलणार नाही, अशी माझी खात्री होती.

संकष्टीला सकाळपासून माझं लक्ष लागेना. मुलगा-सून गेल्याचा आवाज आला तशी कढीपत्ता मागायचं निमित्त करून वर गेले. काकूंनी पटकन दार उघडलं. ठणठणीत होत्या, दूर्वा निवडत बसलेल्या. नवा स्टिकर लावलेलं पाकीट देव्हाऱ्याशेजारी होतं आणि आजची गोळी आत तशीच होती. डॉक्टरला फोनही झाला होता. त्याने दुपारी मशिनवर साखर तपासायला आणि अजिबात हट्ट न करता राजगिऱ्याचा लाडू खायला सांगितलं होतं. लाडवाला गणपतीची हरकत नसावी, असं काकूंनी आपलं आपण ठरवलं होतं.

स्टिकर वाचता आला का, मी विचारलं. चष्मा कुठे ठेवला तो सापडत नाही, असं म्हणाल्या.

“मग कळलं कसं?”

“आता वाचायला कशाला हवा तो? स्टिकर पाठच झालाय माझा.” दूर्वांची जुडी बांधता बांधता त्या म्हणाल्या, “नाश्ता नाही, गोळी नाही.”

मी तिथेच खाली बसले. सुटकेने रडू आलं, आणि रडता रडता शब्द मोजले. चार. त्यांनी माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कापलं होतं, आणि त्यांची गोळी पाकिटातच होती.