स्क्रीनवरचे सव्वादोन लाख

नागपुरात मी शेअर दलालीचं छोटं ऑफिस चालवतो. वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलो की फ्युचर्समध्ये मार्जिनची अनामत भरली म्हणजे सौदा परवडला असं होत नाही, बाजूला किती रोकड मोकळी राहते ते आधी बघा. हे मी अनोळखी माणसालाही समोर बसवून सांगतो. फक्त एका माणसाला सांगितलं नाही, आणि तो माझ्या ताईचा नवरा होता.

भाऊजी काटोलला संत्र्याचे व्यापारी. झाडावरची बाग ठरवायची, इसार द्यायचा, तोडणीच्या वेळी उरलेले मोजायचे, असा त्यांचा धंदा. त्या वर्षी तोडणीला द्यायचे पाच लाख त्यांनी जमवून ठेवले होते आणि तोडणीला अजून महिना होता. रिकामा पैसा त्यांना बघवत नाही; तेवढ्यात निर्देशांकाच्या फ्युचर्समध्ये फिरवून घेऊ, म्हणाले. ताईच्या नावाचं खातं माझ्याकडे होतंच, त्यात बाबांनी तिला लग्नानंतर घेऊन दिलेले शेअर. खातं ताईचं, त्यात सौदे करायचं अधिकारपत्र भाऊजींचं. पाच लाख त्यात आले. मार्जिनला जोड म्हणून शेअरही तारण ठेवले, तेव्हा ताईच्या फोनवर ओटीपी आला.

"हे काय आहे गा?" तिने विचारलं.

"काही नाही. शेअर तुझेच राहतात," मी म्हटलं. यातला एक शब्दही खोटा नव्हता.

मी जिच्यामार्फत सौदे करतो त्या दलाली कंपनीने त्या शेअरांची किंमत काटछाट करून चार लाख धरली. पाच आणि चार, नऊ लाख. निर्देशांक चोवीस हजारांवर, एक लॉट पंच्याहत्तरचा, म्हणजे एका लॉटमागे अठरा लाखांचा माल. त्याला मार्जिन साडेबारा टक्के, सव्वादोन लाख. स्वतःचा एक रुपया लावून आठ रुपयांचा माल अंगावर घ्यायचा. बाजार एक टक्का हलला की तुमचे आठ टक्के हलतात.

भाऊजींना तीन लॉट घ्यायचे होते. मार्जिन पावणेसात लाख. ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले, चहाचा कप हातात.

"काय साळेबुवा, तीन घेतल्यावर मोकळे किती राह्यतेत?"

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "सव्वादोन लाख."

"म्हणजे हजार पॉइंट खाली गेला तरी आपल्याले धक्का नाही."

तीन लॉट, एका पॉइंटला सव्वादोनशे रुपये. हिशेब त्यांचा बरोबर होता. पण स्क्रीनवरच्या त्या आकड्यात तारण शेअरही मिसळलेले होते. सौदा दुसऱ्या दिवसावर न्यायचा तर निम्मं मार्जिन रोखीत लागतं, आणि रोजचा तोटा रोज, फक्त रोखीतून वळता होतो. शेअर त्यासाठी चालत नाहीत. पाच लाखांतले तीन लाख साडेसदतीस हजार मार्जिनमध्ये अडकले की खरी मोकळी रोकड उरते एक लाख साडेबासष्ट हजार. म्हणजे हजार पॉइंट नव्हे, जेमतेम सव्वासातशे. तीन टक्के. तेही मार्जिनची टक्केवारी वाढली नाही तर, आणि बाजार पडतो तेव्हा ती वाढतेच.

माझा स्वतःचा नियम होता: पाच-साडेपाच टक्क्यांची घसरण रोखीने सोसता येईल एवढेच लॉट. त्या हिशेबाने दोन. शिवाय ज्या पैशाला महिन्याभरात दुसरीकडे जायचंय तो राखीव पैसाच नाही, म्हणजे खरं तर एकही नाही.

हे सगळं माझ्या जिभेवर होतं. आमच्या घरी जावयाला नाही म्हणायची रीत नाही. बाबांनी कधी म्हटलं नाही. भाऊजी जेवायला आले की आम्ही भाऊ उभे राहायचो. त्यातून ऑफिसात दोन गिऱ्हाइकं बसलेली. त्यांच्यासमोर भाऊजींना 'तुम्हाला हे समजलं नाही' असं कसं म्हणायचं? मी तीन लॉट टाकले. दलालीही तीनचीच मिळाली, तेही लिहून टाकतो.

नंतर बाजार तीन दिवस सलग पडला. तीनशे, अडीचशे, साडेतीनशे. दोन लाखांवर रोकड वळती झाली. वर मार्जिन साडेबाराचं चौदा टक्के झालं, आणि तारण शेअरही बाजाराबरोबर उतरले. चौथ्या दिवशी सकाळी कंपनीच्या जोखीम विभागाचा फोन आला: सहासष्ट हजार रोख अकराच्या आत भरा, नाहीतर आम्ही सौदा कापतो.

भाऊजी काटोलच्या मार्केटात होते. मागे लिलावाचा गोंगाट.

"सहासष्ट हजार कायचे? शेअर पडले हायेत ना तिथं एवढे, त्यातून घे!"

"भाऊजी, शेअरातून तोटा वळता होत नाही. रोखच लागते."

"मंग विक."

"आज विकले तरी पैसा उद्या येईल."

"हे तू आता सांगून राहिला?"

पलीकडे कुणीतरी भाव ओरडत होतं. मग ते म्हणाले, "काप सगळं." मी तिन्ही लॉट कापले. तोटा दोन लाख अडीच हजार. बागेचे पाच लाख पुरे करायला ताईचे जवळजवळ निम्मे शेअर तारणातून सोडवून विकले. त्याचाही ओटीपी तिच्याच फोनवर आला. तिने आकडे एकेक करून मला वाचून दाखवले, काही न विचारता.

पुढच्या दोन आठवड्यांत बाजार होता तिथे परत आला. माझा चडफडाट कुणाला सांगू? दोन लॉट असते तर त्या चौथ्या सकाळीही लाखावर रोकड मोकळी असती. हा हिशेब मी किती वेळा केला! दरवेळी तोच येतो, आणि दरवेळी राग येतो. बाजाराचा नाही.

दोन वर्षांनी, या हिवाळ्यात काटोलला गेलो तेव्हा ताई अंगणात एकटीच होती. मी तिला सांगितलं. तेव्हा किती रोकड मोकळी होती, किती असायला हवी होती, मला केव्हा माहीत होतं.

"ते तीन लॉट टाकले तवाच माहीत होतं?"

"हो."

"मंग काहून बोलला नाही गा? मले तरी सांगायचं." ती म्हणाली. "बाबाचे होते ते."

एवढ्यात भाऊजी फाटकातून आत आले. ताई उठली नाही. "यायले पण सांग," ती म्हणाली. "माझ्यासमोर."

मी उभा राहिलो, सवयीने, मग मुद्दाम खाली बसलो आणि सांगितलं. भाऊजींनी उभ्यानेच ऐकलं. चप्पल काढायचीही राहिली.

"मी तं सगळ्याइले सांगत होतो," ते शेवटी म्हणाले, "साळा भोळा हाय, त्याले त्यातलं काही समजत नाही, म्हणून गेले पैसे. तुह्या ताईलेही तेच सांगतलं."

मला माहीत असून मी बोललो नाही, हे त्यांनी फोनवरच ओळखलं होतं; ते वाक्य माझ्यावर पांघरूण घालण्यासाठी होतं, हे मला तेव्हा कळलं. दोन वर्षं ते माझ्यासाठी खोटं बोलत होते आणि मी त्या पांघरुणाखाली निवांत.

"उरलेले शेअर तारणातून सोडव," ताई म्हणाली.

"सुटलेलेच आहेत."

"मंग ते अधिकारपत्रही रद्द कर. आता, इथंच." तिने फोन माझ्यासमोर ठेवला. भाऊजी बघत होते. मी त्यांच्याकडे न बघता तिला विचारलं, ऑनलाइन सही कुठे करायची ते दाखवू का?

"दाखव," ती म्हणाली. "आणि सगळं वाचून दाखव. अर्धं नको."