आठवा लागला म्हणून दिलेला चहा

माझा मोठा मुलगा आठव्या महिन्यातच जन्मला. त्याचं पहिलं रडणं मी ऐकलंच नाही, तो रडलाच नव्हता. मग कितीतरी दिवस आम्ही त्याला काचेच्या पेटीतच पाहत होतो. आता तो शाळेत जातो आणि घर डोक्यावर घेतो. पण दुसऱ्या वेळी दिवस गेले आणि ती पेटी पुन्हा माझ्या डोळ्यांसमोर येऊन बसली. उठता बसता पोटावर हात. कुठे जरा ओढ लागली की मी श्वास रोखून उभी राहायचे.

आई नारायण पेठेतलं आपलं घर बंद करून कर्वेनगरला माझ्याकडे राहायला आली होती. तीही घाबरलेली होती. मात्र आई घाबरली की गप्प बसत नाही, कामाला लागते. तिच्या सकाळी फिरायच्या ग्रुपमधल्या एक काकू मुलीचं बाळंतपण उरकून इंग्लंडहून परतल्या होत्या. त्यांनी आईला एक खोका दिला: रास्पबेरीच्या पानांचा चहा. तिकडे शेवटच्या महिन्यांत बायका हा घेतात, गर्भाशय मजबूत होतं, आमच्या मुलीचं बाळंतपण कसं सहज झालं, वगैरे वगैरे.

‘गर्भाशय मजबूत’ हे दोन शब्द आईने उचलले. मागच्या वेळी माझं गर्भाशय कच्चं निघालं, बाळाला धरून ठेवू शकलं नाही, असं तिच्या मनाने घेतलं होतं. आता ते पक्कं झालं की बाळ नऊ महिने भरेपर्यंत आत राहील, इतका सरळ विचार. खोक्यावर बत्तीस आठवड्यांनंतर घ्यावा असं लिहिलं होतं, आधी डॉक्टरांना विचारावं असंही लिहिलं होतं. आईने बत्तीसला चाराने भागलं. आठ आले. “तुला आठवा लागलाच आहे की,” ती म्हणाली. आमच्याकडे महिना लागला की तो धरायचा, भरायची वाट कोण बघतं? प्रत्यक्षात मला तेव्हा तिसावा आठवडा चालू होता.

आणि मी प्यायले. शिकलेली आहे, नोकरी करते, नव्या मोबाइलच्या बारीक अक्षरातल्या अटीसुद्धा वाचते. पण आईने कप हातात दिला की तो प्यायचा असतो. रास्पबेरी म्हणून मला काहीतरी आंबटगोड वाटलं होतं, चव निघाली साध्या कोऱ्या चहाची, किंचित तुरट. मी तोंड वाकडं केलं. माझी रक्तातली साखर काठावर असल्याने साखर बंद, म्हणून दुसऱ्या दिवसापासून आई त्यात ज्येष्ठमधाची काडी उकळायला लागली. मग तो गोड लागायला लागला आणि मी सकाळ-संध्याकाळ घ्यायला लागले.

आठवडाभरातच एका दुपारी मुलाला शाळेतून आणून जेवायला वाढत होते. पोट आखडलं. दगडासारखं घट्ट झालं, मग सुटलं. बाळ वळत असेल, मी स्वतःला सांगितलं. आमटी वाढली. पुन्हा आखडलं, या वेळी कमरेतून पुढे. डाव माझ्या हातातून ताटात पडला आणि मुलगा हसला.

“आई,” मी हाक मारली, “मागच्यासारखं होतंय.”

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडलेला मी पाहिला. तिने गॅस बंद केला. शेजारच्या वहिनींकडे मुलाला सोपवलं आणि माझ्या नवऱ्याला फोन लावला.

गाडीत मी खिडकीबाहेर बघत होते, म्हातोबाला नवस बोलत होते आणि मनातल्या मनात तीस आठवड्यांचं बाळ केवढं असतं ते आठवत होते. मला ते माहीत होतं, हीच तर भीती होती. ते किती हलकं असतं, त्याच्या छातीत पिसासारखा श्वास कसा अडकतो, हे मी रोज काचेपलीकडून पाहिलेलं होतं.

हॉस्पिटलमध्ये पोटाला पट्टे बांधले. बाळाचे ठोके खोलीभर ऐकू यायला लागले, घोडा दौडावा तसे. डॉक्टरबाईंनी आतून तपासलं, सोनोग्राफीत गर्भाशयाच्या मुखाची लांबी पाहिली, लघवी तपासायला पाठवली. रक्तदाब घेताना त्यांनी विचारलं, “नवीन काही खाल्लं-प्यायलं का? गोळी, काढा, काहीही?”

मी आईकडे पाहिलं. आईने सगळं सांगितलं, खोका, भागाकार, ज्येष्ठमध. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

“काकू, आणखी काय काय आहे घरात?”

आई एकेक नाव घेत गेली. बद्धकोष्ठासाठी आणलेली सोनामुखी. कोरफडीचा रस. रक्तदाबाला बरा म्हणून जास्वंदीच्या फुलांचा चहा. खोकला झालाच तर अडुळसा.

“बाळंतपण करायचंय की दुकान टाकायचंय?” डॉक्टरबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून त्यांनी समजावलं. “यांतलं काहीही हिला देऊ नका. ज्येष्ठमधाने रक्तदाब चढतो, जास्त गेलं तर प्रसूती लवकर होऊ शकते. तुमच्या नेहमीच्या चहात आल्याचा तुकडा घाला, चालेल. पण काढा म्हणून उकळलेली वनस्पती म्हणजे औषध, ते विचारूनच. आणि तो रास्पबेरीचा चहा बाळाला धरून ठेवायला घेत नाहीत हो. गर्भाशय नीट आकुंचन पावावं, कळा चांगल्या याव्यात, म्हणून घेतात. तेही दिवस भरत आल्यावर, आणि त्याने खरंच फायदा होतो असं पक्कं सिद्ध झालेलं नाही. जिचं पहिलं बाळ लवकर आलंय, तिने तर त्याच्या वाटेलाच जाऊ नये.”

“त्यानेच झालं का हे?” मी विचारलं.

“छातीठोकपणे नाही सांगता येणार. नसेलही. पण आता बंद.”

गर्भाशयाचं मुख बंद होतं, लांबीही चांगली होती. तरी मला तिथेच ठेवून घेतलं. पोट आखडायचं तेव्हा यंत्राच्या कागदावरची रेघ वर चढायची, आणि मी त्या रेघेकडे पाहत राहायचे. मला आईचा भयंकर राग आला होता. तिच्याकडे बघवत नव्हतं. पाण्याचा पेला पुढे करायच्या आधी ती नर्सबाईंना विचारून आली की हे पाजू ना. साधं पाणी! मला ओरडावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रेघ सपाट झाली. घरी जाऊन विश्रांती घ्या, पुन्हा आखडलं, पाणी किंवा रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली तर तडक या, असं सांगून त्यांनी सोडलं. नवरा गाडी आणायला गेला. आम्ही दोघी बाकावर बसलो होतो.

“मी उद्या पेठेत जाते,” आई म्हणाली. “तुझ्या सासूबाईंना बोलावून घे. मला आता माझ्याच हातांची भीती वाटते गं.”

तिचे हात मांडीवर होते, एकमेकांत घट्ट धरलेले. राग कुठे गेला मला कळलंच नाही. मी ते हात सोडवले आणि एक माझ्या पोटावर ठेवला. तिने ओढून घ्यायला पाहिलं, मी सोडला नाही.

“तू गेलीस आणि पुन्हा तसं झालं,” मी म्हटलं, “तर मी हाक कोणाला मारू?”